हृदयाभोवतीचे पाणी आणि क्षयरोग

मनुष्याचे हृदय छातीच्या पोकळीत उघडे नसते. त्याच्याभोवती एक दुपदरी पिशवी असते. तिला हृदयावरण असे म्हणतात. या पिशवीचा आतील पदर पातळ असून तो हृदयाच्या स्नायूला चिकटलेला असतो. बाहेरील पदर मात्र चिवट व तंतुमय असून खाली तो श्वासपटलाशी बांधलेला असतो. या दोन पदरांच्या मध्ये निरोगी अवस्थेत १५ ते ५० मिलिलिटर स्वच्छ द्रव असतो. यंत्राच्या धावत्या भागांना तेलाचा जो उपयोग, तोच या द्रवाचा हृदयाला. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन-प्रसरण पावणारे हृदय त्यामुळे आपल्या आवरणाशी न घासता हालचाल करू शकते.

क्षयरोग म्हटला की सामान्यतः फुप्फुसांचा विकार डोळ्यांपुढे येतो. क्षयामुळे 'छातीत पाणी होते', हेही पुष्कळांना ठाऊक असते. ते पाणी फुप्फुसाच्या आवरणात साठलेले असते. असेच पाणी हृदयाच्या आवरणातही साठू शकते, ही गोष्ट मात्र तितकीशी परिचित नाही. ज्या देशांत क्षयरोग मोठ्या प्रमाणावर आढळतो, तेथे हृदयावरणात फार पाणी साठलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांच्या बाबतीत मूळ कारण क्षय हेच असते. पश्चिम युरोपात हेच प्रमाण शेकडा चार-पाचच्या घरात आहे. भारत, आफ्रिकेचा दक्षिण भाग आणि आग्नेय आशिया येथील डॉक्टरांना या विकाराचा विचार म्हणून सदैव मनात बाळगावा लागतो.

या विकाराचे वैशिष्ट्य असे की, त्यात दोन धोके एकामागून एक येतात. पहिला धोका पाण्याचा. तो काही तासांत प्राणघातक ठरू शकतो, परंतु सुईने पाणी काढून टाकल्यास तत्काळ टळतो. दुसरा धोका पाणी आटल्यानंतर मागे राहणाऱ्या व्रणाचा. तो काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी प्रकट होतो आणि सुईने दूर होत नाही. या दोहोंच्या मध्ये निदानाची एक मोठी अडचण उभी असते. ती म्हणजे रोगाचा जंतू बहुधा हाती लागत नाही.

जंतू हृदयावरणात कसा पोहोचतो?

क्षयाचा जंतू श्वासावाटे प्रथम फुप्फुसात शिरतो. तेथून तो श्वासनलिकेच्या फाट्याजवळ असलेल्या लसीका ग्रंथींमध्ये, म्हणजे ज्यांना व्यवहारात 'गाठी' म्हणतात त्यांमध्ये, जाऊन बसतो. या गाठी हृदयावरणाच्या अगदी शेजारी आहेत. बहुतेक रुग्णांत जंतू या गाठींतून लसीकावाहिन्यांच्या मार्गाने हृदयावरणात उतरतो. क्वचित रक्तावाटे किंवा शेजारच्या फुप्फुसातून थेट येतो. म्हणूनच हृदयावरणाचा क्षय झालेल्या पुष्कळ रुग्णांच्या फुप्फुसांत रोगाचा मागमूसही नसतो आणि त्यांच्या थुंकीची तपासणी निर्दोष येते.

आवरणात आलेले जंतू संख्येने थोडे असतात. परंतु त्यांच्यातील प्रथिनांविरुद्ध शरीर तीव्र प्रतिक्रिया करते, आणि पाणी साठते ते मुख्यत्वे या प्रतिक्रियेमुळे. प्रारंभी आवरणाच्या दोन्ही पदरांवर तंतुमय पदार्थाचा खरबरीत थर जमतो. या अवस्थेत छातीला नळी लावली असता नव्या चामड्याच्या जोड्यासारखी करकर कधीकधी ऐकू येते. त्यानंतर पाणी साठू लागते. पुढे पाणी शोषले जाते, परंतु आवरण जाड होते. आणि शेवटी काही रुग्णांत दोन्ही पदर एकमेकांना चिकटून हृदयाभोवती न ताणणारे कवच तयार होते. प्रत्येक रुग्ण या चारही अवस्थांतून जातोच असे नाही. रुग्णालयात येणारे बहुसंख्य लोक दुसऱ्या, म्हणजे पाण्याच्या, अवस्थेत असतात.

पाणी किती, यापेक्षा किती वेगाने

हृदयावरणाचा बाहेरील पदर रबरासारखा लवचीक नाही. एकाएकी ताण पडल्यास तो थोडासाच ताणतो आणि मग ताठ होतो. त्यामुळे भोसकल्याच्या जखमेत १५०-२०० मिलिलिटर रक्त जरी अचानक आवरणात शिरले, तरी प्राण जाऊ शकतो. तेच पाणी आठवड्यांमागून आठवडे हळूहळू साठत गेले तर आवरणाला वाढण्यास अवधी मिळतो, आणि एक लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी घेऊन मनुष्य स्वतःच्या पायांनी रुग्णालयात येऊ शकतो. क्षयात बहुधा हा दुसरा प्रकार घडतो. परंतु आवरणाच्या वाढीलाही मर्यादा आहे. ती मर्यादा गाठल्यानंतर पुढचे अगदी थोडे पाणीही आतील दाब झपाट्याने वाढविते.

हा दाब हृदयाच्या आकुंचनाच्या आड फारसा येत नाही. तो आड येतो प्रसरणाच्या. दोन ठोक्यांच्या मधल्या काळात हृदयाचे कप्पे सैल होऊन रक्ताने भरले पाहिजेत. बाहेरून दाब असला की ते पुरते भरत नाहीत. उजव्या बाजूच्या कप्प्यांच्या भिंती पातळ असल्यामुळे प्रथम त्या चेपल्या जातात. शरीरातून परत येणारे रक्त दाराशी तुंबते, आणि मानेतील शिरा फुगतात, यकृत सुजते, पोटात व पायांत पाणी उतरते. दुसरीकडे, पुढे ढकलण्यास रक्तच कमी असल्यामुळे रक्तदाब उतरतो आणि ती उणीव भरून काढण्यासाठी नाडी जलद चालते. या अवस्थेला डॉक्टर टॅम्पोनेड म्हणतात. मराठीत तिला हृदयाची कोंडी म्हणता येईल.

कोंडी ओळखण्याची एक जुनी व अजूनही उपयोगी पडणारी खूण जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी १८७३ मध्ये वर्णिली. रुग्णाने श्वास आत घेतला की त्याची मनगटावरील नाडी क्षीण होते किंवा नाहीशी होते, मात्र हृदयाचे ठोके चालूच असतात. या विसंगतीमुळे तिला विरोधाभासी नाडी हे नाव पडले. कारण असे की, श्वास घेताना छातीत अधिक रक्त ओढले जाते आणि हृदयाचा उजवा भाग फुगतो. बाहेरील पिशवी ताठ असल्यामुळे त्याला बाहेर सरकण्यास जागा नसते. तो मधला पडदा डावीकडे ढकलतो, डाव्या भागाची जागा व्यापतो, आणि तेवढ्या ठोक्यांपुरते शरीराला रक्त कमी मिळते.

एक उदाहरण

पुढील उदाहरण कोणा एका व्यक्तीचे नाही. अशा रुग्णांत नेहमी आढळणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते बेतलेले आहे. रेल्वेच्या मालधक्क्यावर काम करणारा ३२ वर्षांचा एक हमाल सहा आठवड्यांपासून आजारी आहे. सायंकाळी अंगात बारीक ताप येतो, रात्री घामाने कपडे भिजतात, अन्नावर वासना नाही. पूर्वी ५८ किलोग्रॅम असलेले वजन ५१ वर आले आहे. खोकला कोरडा आहे. गेल्या दहा दिवसांत चार पायऱ्या चढल्या तरी दम लागू लागला आहे. उताणे निजले की जीव घाबरतो आणि उठून पुढे वाकून बसले की बरे वाटते. उजव्या बरगडीखाली दुखते, पोट फुगले आहे, पायांवर सूज आहे.

येथे पहिली चूक होण्याचा संभव असतो. फुगलेले पोट व दुखरे यकृत पाहून यकृताचा विकार ठरविला जातो. किंवा दम व सूज पाहून हृदय दुबळे झाले असे समजून लघवी वाढविणाऱ्या गोळ्या दिल्या जातात. या रुग्णालाही त्या मिळाल्या. पायांची सूज किंचित उतरली, परंतु उभे राहताच त्याला भोवळ येऊ लागली. याचे कारण स्पष्ट आहे. कोंडलेले हृदय भरते ते शिरांमधील वाढलेल्या दाबामुळेच. लघवीवाटे शरीरातील पाणी काढून टाकले की तो दाब उतरतो आणि हृदयात शिरणारे थोडके रक्तही आणखी कमी होते. म्हणून हृदयाच्या कोंडीत अशी औषधे देणे घातक ठरते.

जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांनी रुग्णाला अर्धवट बसते करून प्रथम त्याची मान पाहिली. शिरा जबड्यापर्यंत फुगलेल्या होत्या. यकृताच्या विकाराने पोटात पाणी होते, परंतु मानेच्या शिरा अशा फुगत नाहीत. येथेच त्यांचे लक्ष यकृताकडून हृदयाकडे वळले. हृदयाचे आवाज दुरून आल्यासारखे मंद होते. नाडी मिनिटाला १२४ होती. मग त्यांनी रक्तदाबाच्या पट्ट्यातील हवा अगदी सावकाश सोडली. पारा ९८ वर असताना ठोके ऐकू आले, पण केवळ श्वास सोडताना. श्वासाच्या दोन्ही वेळी ते सलग ऐकू येण्यास पारा ७६ पर्यंत उतरावा लागला. फरक २२ मिलिमीटर. निरोगी माणसात तो १० पेक्षा अधिक नसतो.

क्ष-किरण चित्रात हृदयाची छाया दोन्ही बाजूंना पसरून मडक्यासारखी दिसत होती. ही छाया मोठी दिसण्यासाठी साधारणतः २०० मिलिलिटरहून अधिक पाणी साठावे लागते. स्नायू दुबळा होऊन हृदय फुगले असते तर फुप्फुसांत रक्त तुंबल्याच्या खुणा दिसल्या असत्या. येथे फुप्फुसे स्वच्छ होती. हृदयाच्या विद्युत्-आलेखातील रेषा खुजट उमटल्या होत्या, कारण विद्युल्लहरींना पाण्याच्या थरातून वाट काढावी लागत होती.

यानंतर संशय उरू देत नाही ती प्रतिध्वनीची तपासणी, म्हणजे रुग्णालयात जिला नुसते 'इको' म्हणतात ती. कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी छातीत सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून हृदयाचे चित्र तयार केले जाते. या पद्धतीने हृदयावरणातील पाणी ओळखता येते, हे अमेरिकन वैद्य हार्वे फायगेनबॉम व त्यांचे सहकारी यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले. प्रस्तुत रुग्णात हृदयाभोवती सर्व बाजूंनी सुमारे तीन सेंटिमीटर जाडीचा पाण्याचा थर होता, त्यात तंतूंच्या झालरी तरंगत होत्या आणि प्रसरणाच्या वेळी हृदयाची उजवी भिंत आत दबत होती.

पाणी काढणे

कोंडी दिसत असताना इतर तपासण्यांच्या निकालांची वाट पाहत बसता येत नाही. रुग्णाला अर्धवट बसलेल्या स्थितीत ठेवून, जागा बधिर करून, उरोस्थीच्या खालच्या टोकाशी डावीकडून किंवा बरगड्यांच्या मधून सुई घातली जाते. पाणी सर्वांत जवळ व सर्वांत अधिक कोठे आहे हे प्रतिध्वनीच्या पडद्यावर आधी पाहून जागा निश्चित करतात. पाणी लागताच सुईतून बारीक तार सरकवून तिच्यावरून एक मऊ नळी आत बसवितात आणि सुई काढून घेतात.

सुईत आलेले पाणी पुष्कळदा रक्तासारखे लाल असते. क्षयाच्या बाबतीत हे नेहमीचेच आहे. तथापि सुई चुकून हृदयातच गेली की काय, अशी शंका येणे स्वाभाविक असते. आवरणातील रक्तमिश्रित पाणी बशीत ठेवले तरी सामान्यतः गोठत नाही, शिरेतील ताजे रक्त गोठते. त्याहून खात्रीची रीत अशी की, खारे पाणी घुसळून त्याचे थोडे बुडबुडे सुईतून सोडावेत. ते पडद्यावर हृदयाबाहेर चमकले तर सुई योग्य जागी आहे.

या रुग्णाचे पहिले १५० मिलिलिटर पाणी निघताच त्याचा श्वास सैल झाला. ताठ पिशवीत शेवटचे थोडे पाणी जसा दाब झपाट्याने वाढविते, तसेच पहिले थोडे पाणी बाहेर येताच तो झपाट्याने उतरतो. उरलेले पाणी मात्र घाईने काढीत नाहीत. दीर्घकाळ दबलेल्या हृदयावर एकदम रक्ताचा लोंढा आला तर ते फुगून थकण्याचा संभव असतो. दोन दिवसांत मिळून ८५० मिलिलिटर पाणी आले. नाडी ९२ वर आली आणि रक्तदाब ११४ वर स्थिरावला. दिवसाकाठी येणारे पाणी २५ मिलिलिटरच्या खाली गेल्यावर नळी काढली.

जंतू न सापडला तर?

काढलेल्या पाण्यात क्षयाचा जंतू दिसला की प्रश्न मिटला. परंतु तो क्वचितच दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यासाठी एका मिलिलिटरमध्ये सुमारे दहा हजार जंतू असावे लागतात, आणि या पाण्यात ते इतके नसतात. पोषक माध्यमात जंतू वाढविण्याची रीत अधिक सूक्ष्म आहे; तिला थोडेच जंतू पुरतात. मात्र ती निकालासाठी कित्येक आठवडे घेते आणि तरीही अनेकदा निष्फळ ठरते. जंतूचा आनुवंशिक अंश शोधणारी नवी यंत्रे दोन तासांत उत्तर देतात. त्यांनी 'आहे' म्हटले तर ते जवळजवळ निश्चित मानावे. रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही त्याच वेळी कळते. परंतु 'नाही' म्हटले तर क्षय नाहीच, असे समजता येत नाही, कारण खऱ्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश या चाळणीतून सुटतात. त्वचेवरील ट्यूबरक्युलिन चाचणीही येथे फारशी कामी येत नाही. ज्या देशात असंख्य निरोगी माणसांच्या शरीरात हा जंतू सुप्त असतो, तेथे ती चाचणी होकारार्थी आली म्हणजे आजचा आजार क्षयाचा, असे ठरत नाही.

अशा वेळी डॉक्टर पाण्यातील अप्रत्यक्ष पुरावा पाहतात. प्रस्तुत रुग्णाच्या पाण्यात प्रथिने भरपूर होती आणि पांढऱ्या पेशींत लसीका पेशींचे आधिक्य होते. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसला नाही आणि यंत्रानेही 'नाही' म्हटले. परंतु अ‍ॅडेनोसीन डिअ‍ॅमिनेज नावाच्या विकराचे प्रमाण लिटरला ६४ एकक भरले. क्षयाविरुद्ध झुंजणाऱ्या पेशी हे विकर निर्माण करतात. ४० एककांच्या वरचे प्रमाण क्षयाच्या बाजूने बोलते. मात्र हाही अंतिम पुरावा नव्हे. पू करणाऱ्या इतर जंतूंमुळे किंवा लसीका ग्रंथींच्या कर्करोगातही ते वाढू शकते. म्हणून पाण्यात पू नाही, कर्करोगाच्या पेशी नाहीत, मूत्रपिंडे निकामी झालेली नाहीत व गलग्रंथी मंद नाही, हे पाहून घेतले गेले. रक्तात एचआयव्हीचा संसर्ग नव्हता.

दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या टायगरबर्ग रुग्णालयातील वैद्यांनी अशा पुराव्याची मोजणी करण्याची एक सोपी पद्धत २००६ मध्ये प्रसिद्ध केली. ताप असल्यास १ गुण, रात्री घाम येत असल्यास १, वजन घटले असल्यास २, रक्तातील ग्लोब्युलिन लिटरला ४० ग्रॅमहून अधिक असल्यास ३ आणि रक्तातील पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरला दहा हजारांहून कमी असल्यास ३. बेरीज ६ किंवा अधिक झाल्यास क्षय संभवनीय मानावा. या रुग्णाला ताप, घाम व वजनाची घट यांचे ४ गुण मिळाले. ग्लोब्युलिन ४६ ग्रॅम होते, त्याचे ३. पांढऱ्या पेशी ७,२०० होत्या, त्याचे ३. एकूण १०. या मोजणीला पाणी काढावे लागत नाही, म्हणून जेथे सुई घालण्याची सोय नाही तेथे ती विशेष उपयोगी पडते. परंतु ती एका विशिष्ट प्रदेशातील रुग्णांवरून बसविलेली आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. जेथे क्षय विरळा, तेथे हेच दहा गुण वेगळे काही सुचवू शकतील.

हाच या निदानातील मुख्य मुद्दा होय. एकाच निकालाचा अर्थ तो कोठे मिळाला यावर अवलंबून असतो. ६४ एककांचा तो आकडा नॉर्वेतील डॉक्टरला आवरणाचा तुकडा काढून तपासण्यास प्रवृत्त करील. भारतातील जिल्हा रुग्णालयात, इतर कारणे दूर सारल्यानंतर, तो औषधे सुरू करण्यास पुरेसा आहे. कारण येथे वाट पाहण्यातला धोका चुकीच्या औषधांच्या धोक्याहून मोठा असतो. प्रतिजैविकांच्या पूर्वीच्या काळात उपचाराविना राहिलेले असे बहुसंख्य रुग्ण काही महिन्यांतच दगावत असत.

औषधे

औषधांची योजना फुप्फुसाच्या क्षयासारखीच आहे. पहिले दोन महिने आयसोनायझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड व एथँब्युटॉल ही चार औषधे रोज एकत्र देतात. पुढील चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन देतात. भारतात ही औषधे एकाच गोळीत मिसळून सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळतात, आणि गोळ्यांची संख्या वजनावरून ठरते. ५१ किलोग्रॅमच्या या रुग्णाला रोज चार गोळ्या मिळाल्या. लघवी नारिंगी होते, ती रिफॅम्पिसिनमुळे; त्यात भिण्यासारखे काही नाही. डोळे पिवळे झाले किंवा दृष्टी अंधुक झाली, तर मात्र गोळ्या थांबवून त्वरित रुग्णालय गाठावे लागते.

जंतू हाती लागला नसताना सुरू केलेल्या उपचाराची परीक्षा रुग्णाच्या सुधारणेत होते. या रुग्णाचा ताप तिसऱ्या आठवड्यात गेला, भूक परतली आणि महिन्याच्या अखेरीस प्रतिध्वनीच्या चित्रात पाण्याची केवळ एक बारीक रेघ उरली. असे घडले नसते, तर तीन शंका घ्याव्या लागल्या असत्या: औषधे नियमित घेतली गेली नाहीत, जंतू औषधांना दाद देत नाही, किंवा निदानच चुकले.

या औषधांच्या जोडीला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यावे की नाही, हा प्रश्न बराच काळ वादग्रस्त राहिला आहे. पाणी व पुढचा व्रण हे दोन्ही शरीराच्या प्रतिक्रियेतून निर्माण होतात. तेव्हा ती प्रतिक्रिया शमविणारे औषध गुणकारी ठरावे, असा तर्क होता. दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सकाय प्रदेशात झालेल्या आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत या तर्काला आधार मिळाला. स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी शेकडा ३ जण या विकाराने दगावले. न मिळालेल्यांपैकी शेकडा १४. पुन्हा सुई घालण्याची वेळही पहिल्या गटात कमी जणांवर आली.

त्यानंतर आफ्रिकेत एचआयव्हीची साथ पसरली आणि रुग्णांचे स्वरूप पालटले. बोंगानी मायोसी यांच्या नेतृत्वाखाली आफ्रिकेतील आठ देशांत १,४०० रुग्णांवर अधिक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. यातील सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना एचआयव्हीचा संसर्ग होता. प्रेडनिसोलोन पहिल्या आठवड्यात रोज १२० मिलिग्रॅम देऊन सहा आठवड्यांत उतरवीत नेले होते. मात्रा इतकी मोठी, कारण रिफॅम्पिसिनमुळे यकृत स्टेरॉइडचा लवकर निचरा करते. भारतात शोधलेल्या मायकोबॅक्टेरियम इंडिकस प्राणी या निरुपद्रवी जंतूच्या लशीचाही प्रयोग याच चाचणीत झाला. तिचा लाभ दिसला नाही. स्टेरॉइडने एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. परंतु आवरण आवळले जाण्याचे प्रमाण शेकडा ७.८ वरून ४.४ वर आले. उलटपक्षी एचआयव्हीशी संबंधित कर्करोग वाढले. म्हणून आज विवेक असा केला जातो की, एचआयव्ही नसलेल्या रुग्णाला स्टेरॉइड द्यावे, आणि असलेल्याच्या बाबतीत लाभ व हानी तोलून सावधपणे ठरवावे. प्रस्तुत रुग्णाला ते सहा आठवडे देण्यात आले.

पाणी आटल्यानंतर

आता राहिला तो दुसरा धोका. ताप गेला, दम गेला, वजन वाढू लागले की रुग्ण कामावर परततो आणि औषधांचा कंटाळा करतो. पण नेमक्या याच महिन्यांत आवरणात तंतू जमून ते जाड होत असते. हे कवच आवळू लागले की पहिल्याच तक्रारी पुन्हा सुरू होतात. मानेच्या शिरा फुगतात, पोट वाढते, पाय सुजतात. परंतु क्ष-किरण चित्रात हृदय आता मोठे दिसत नाही. पूर्वी पाण्याने जे केले तेच आता कवच करते, हृदयाला पसरू देत नाही. फरक इतकाच की, येथे सुईने काढण्यासारखे काही नसते.

असे दिसताच शस्त्रक्रिया करावी लागते असेही नाही. काही रुग्णांत हा आवळ सुजेमुळे असतो आणि औषधे चालू ठेवल्यास आपोआप ओसरतो. यासाठी सामान्यतः सहा ते आठ आठवडे वाट पाहतात. तेवढ्यात सुधारणा झाली नाही किंवा प्रकृती ढासळू लागली, तर छाती उघडून कवच सोलून काढावे लागते. ही शस्त्रक्रिया अवघड असून ती मोठ्या रुग्णालयातच होऊ शकते. फार उशीर झाला तर कवच चुनखडीसारखे कठीण होते, हृदयाचा स्नायू क्षीण होतो आणि कवच निघाले तरी स्नायूला पूर्वीचे बळ येत नाही.

यास्तव पाणी काढून रुग्ण घरी गेला म्हणजे काम संपले असे मानीत नाहीत. सहा महिन्यांचा औषधक्रम पुरा होईपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ ठरावीक अंतराने त्याची मान, पोट व पाय पाहिले जातात आणि प्रतिध्वनीची तपासणी पुन्हा केली जाते. घरच्या माणसांनाही एक गोष्ट सांगून ठेवता येते. ताप नसताना, अन्न नीट जात असताना, केवळ धोतराचा किंवा पायजम्याचा कमरेचा घेर अपुरा पडू लागला, तर ती पुष्टी असेलच असे नाही. पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.